तिजोरीच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला

२८ जून २०२४ रोजी मुंबईच्या विधान भवनात अजित पवार यांनी राज्याचा २०२४-२५ चा अर्थसंकल्प मांडला. लोकसभा निवडणुकीमुळे फेब्रुवारीत अंतरिम अर्थसंकल्प आणि लेखानुदान झाले होते, म्हणून पूर्ण अर्थसंकल्प पावसाळी अधिवेशनात आला. याच भाषणात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली. पात्र महिलेला दरमहा १५०० रुपये आणि वर्षाकाठी ४६ हजार कोटींचा खर्च, असे तिचे स्वरूप होते. योजनेचा शासन निर्णय त्याच तारखेचा आहे. मग पंधरवडाही उलटला नाही तोच, त्याच अधिवेशनात, सरकारने ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या सभागृहापुढे ठेवल्या. त्यांत सुमारे २५ हजार कोटी या एका योजनेसाठी होते. ज्या अर्थसंकल्पाचा आकार ६ लाख १२ हजार कोटींच्या आसपास होता, त्याला चालू अधिवेशनातच शंभराला पंधरा या हिशेबाने ठिगळ लागले. यातली काही रक्कम केंद्राच्या योजनांची आणि निव्वळ जमाखर्ची होती हे मान्य केले, तरी मुख्य प्रश्न उरतोच. वर्षाचे अंदाजपत्रक मांडताना जो खर्च माहीत होता, भाषणात अभिमानाने सांगितलाही होता, त्याचे पैसे मागायला वेगळी पुस्तिका का लागावी?

राज्यघटनेच्या २०५ व्या अनुच्छेदात पुरवणी मागणीची कारणे दिली आहेत. मंजूर झालेली रक्कम अपुरी पडली, किंवा वार्षिक अंदाजपत्रकात ध्यानात न घेतलेल्या एखाद्या नव्या सेवेवर खर्च करण्याची गरज निर्माण झाली, तर पुरवणी मागणी करावी, असा त्याचा आशय आहे. कलमाच्या अक्षराला सरकारने धक्का लावला असे म्हणता येणार नाही. पण कलमाचा रोख अनपेक्षित गरजेवर आहे, आणि इथे अनपेक्षित काहीच नव्हते. या छोट्याशा विसंगतीतून एक मोठी गोष्ट दिसते. सभागृहाने खर्चाला हो म्हटल्याशिवाय एक रुपयाही एकत्रित निधीतून काढता येत नाही, हे शाळेच्या पुस्तकापासून सगळीकडे लिहिलेले असते आणि ते खरेही आहे. मात्र मागणी कोणी लिहायची, मंजूर पैसा केव्हा आणि किती सोडायचा आणि कराचा दर किती ठेवायचा, या तीन ठिकाणी खरी सत्ता बसलेली आहे. यांतल्या एकाही ठिकाणी सभागृह नाही. सभागृहाकडे आहे तो फक्त शिक्का, आणि शिक्का नाकारण्याची किंमत इतकी जबर की तो कधी नाकारलाच जात नाही.

आधी मागणीचे बघू. दरवर्षी मार्चमध्ये अर्थमंत्री विधानसभेत आणि राज्यमंत्री विधान परिषदेत अर्थसंकल्प वाचतात. मग सर्वसाधारण चर्चा होते आणि त्यानंतर खातेनिहाय अनुदानाच्या मागण्या येतात. मागण्यांवर मत देण्याचा अधिकार फक्त विधानसभेला आहे, परिषदेने नुसती चर्चा करायची. पुस्तकात प्रत्येक रकमेपुढे ‘दत्तमत’ किंवा ‘भारित’ असे लिहिलेले असते. भारित म्हणजे कर्जावरचे व्याज, कर्जाची परतफेड, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन अशा गोष्टी. यांवर बोलता येते, मत देता येत नाही. उरलेल्या दत्तमत रकमांवर घटनेच्या २०३ व्या अनुच्छेदाने आमदाराला तीनच वाटा दिल्या आहेत. त्याने मागणी मान्य करावी, नाकारावी किंवा कमी करून मान्य करावी. वाढवण्याची वाट नाही, आणि एका खात्याचे पैसे काढून दुसऱ्याला देण्याचीही नाही, कारण राज्यपालांच्या शिफारशीवाचून कोणतीही मागणी करता येत नाही आणि राज्यपालांची शिफारस म्हणजे मंत्रिमंडळाचीच इच्छा. म्हणून आपल्या तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयाला डॉक्टर आणि औषधे मिळत नाहीत, अशी ज्याची तक्रार आहे, त्या आमदाराला आरोग्य खात्याच्या मागणीत कपात सुचवावी लागते. जास्त मिळावे म्हणून कमी करा म्हणायचे, हा कपात सूचनेतला विनोद नवख्या माणसाला चटकन कळत नाही. लोकसभेत अशी लाक्षणिक कपात शंभर रुपयांची असते. धोरणालाच विरोध असेल तर मागणी एक रुपयावर आणा अशी सूचना देतात, आणि उधळपट्टी दाखवायची असेल तर नेमकी रक्कम सांगून ती कापा म्हणतात. प्रत्यक्षात एका दिवसात तीन-चार खात्यांच्या मागण्या एकत्र घेतल्या जातात, कपात सूचना मांडल्या असे समजले जाते, मंत्री उत्तर देतात आणि शेवटी होय-नाहीच्या आवाजी मतदानात सूचना फेटाळल्या जाऊन मागण्या मंजूर होतात. ठरलेल्या शेवटच्या दिवशी उरलेल्या सगळ्या खात्यांच्या मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकतात. याला गिलोटिन म्हणतात. लोकसभेत २०२३ च्या २३ मार्चला गोंधळातच सुमारे ४५ लाख कोटींचा खर्च असा चर्चेविना मंजूर झाला.

आमदाराने ठरवले तर तो नाही म्हणू शकतो ना, असा प्रश्न इथे कोणी करील. कायद्याने म्हणू शकतो. पण मागणी फेटाळली जाणे किंवा एक रुपयाने का होईना कमी होणे म्हणजे सरकारने सभागृहाचा विश्वास गमावणे, असा संसदीय संकेत आहे. शंभर रुपयांची कपात मंजूर झाली तर राजीनामा द्यावा लागेल, म्हणून शंभर रुपयांची कपातसुद्धा सरकार मंजूर होऊ देत नाही. त्यातच १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली. पक्षादेश झुगारून मत दिले तर सदस्यत्वच जाऊ शकते. त्यामुळे सत्ताधारी बाजूचा आमदार आपल्याच सरकारच्या मागणीवर टीका करू शकतो, तिच्याविरुद्ध मत मात्र देऊ शकत नाही. विरोधकांकडे मते असती तर ते विरोधात नसते. एवढे झाल्यावर मतदानाचा निकाल आधीच ठाऊक असतो. ही आपलीच अडचण आहे असेही नाही. ज्या ब्रिटिश कॉमन्स सभेकडून आपण ही रीत उचलली, तिथे सरकारची खर्चाची मागणी शेवटची फेटाळली गेली ती १९१९ मध्ये, आणि तीसुद्धा लॉर्ड चॅन्सेलरच्या निवासातल्या दुसऱ्या न्हाणीघरासाठी मागितलेल्या पैशांची. शंभर वर्षांत खजिन्यावरच्या लोकसत्तेने काय वाचवले, तर एक न्हाणीघर.

मताचा अधिकार आणि पैशावरची सत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याकडच्या मिठाच्या कराच्या इतिहासात जितके लख्ख दिसते तितके दुसरीकडे क्वचितच दिसत असेल. गोपाळ कृष्ण गोखले मुंबई इलाख्यातून कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात गेले आणि मार्च १९०२ मध्ये अर्थसंकल्पावर त्यांचे पहिले भाषण झाले. १८९२ च्या कायद्याने सदस्यांना अर्थसंकल्पावर बोलायची मुभा होती, पण मत देण्याची किंवा ठराव मांडण्याची नव्हती. लागोपाठ वर्षे शिल्लक दाखवणाऱ्या सरकारचे अभिनंदन करायला गोखल्यांनी नकार दिला. रुपयाचा विनिमय दर कृत्रिमरीत्या चढवल्यामुळे आणि कर गरजेपेक्षा जड ठेवल्यामुळे ही शिल्लक साचली आहे, तिच्यावरून लोकांची भरभराट सिद्ध होत नाही, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवले, आणि मिठावरचा कर उतरवा अशी मागणी केली. तेव्हा मणाला अडीच रुपये असलेला हा कर १९०३ मध्ये दोन रुपये, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. हे एकट्या गोखल्यांमुळे झाले असा दावा कोणी करू नये, सरकारची तिजोरी भरलेली होती आणि कारणेही इतर होती. तरीही हातात एकसुद्धा मत नसलेल्या माणसाने सरकारला आकड्यांवर उत्तर द्यायला लावले, एवढे खरे. याच्या उलट १९२३ मध्ये घडले. तोवर १९१९ च्या कायद्याने मध्यवर्ती विधानसभेला मत मिळाले होते. तिने मिठाचा कर सव्वा रुपयावरून अडीच रुपये करायला नकार दिला, आणि व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपल्या विशेषाधिकारात तो प्रमाणित करून लागू केला. पहिल्या वेळी मत नव्हते आणि छाननी होती, दुसऱ्या वेळी मत होते आणि त्याला किंमत नव्हती. आज मताला पूर्ण घटनात्मक किंमत आहे, आणि छाननी करायला वेळ नाही.

आता किल्ल्या ज्या कमरेला आहेत तिकडे वळू. विधानसभेने मागण्या मंजूर केल्या, विनियोजन विधेयक झाले, राज्यपालांची संमती मिळाली, की पैसा खात्याचा झाला अशी समजूत असते. तसे होत नाही. वित्त विभागाची ‘बीम्स’ नावाची संगणकीय प्रणाली आहे. तीत विभागाला तरतुदीचा जेवढा हिस्सा उघडून दिला असेल तेवढाच पैसा खाली सरकतो. विभाग तो नियंत्रक अधिकाऱ्याकडे, तो जिल्ह्याच्या आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे वितरित करतो, आणि मग कोषागारात देयक पास होते. निधी वितरणाचा कोणताही शासन निर्णय उघडून पाहावा. शेवटच्या परिच्छेदांत वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भाचा क्रमांक आणि तारीख देऊन त्या सहमतीने हा निर्णय निर्गमित होत असल्याचे वाक्य हटकून सापडते. विनियोजन अधिनियमाची आठवण कोणाला नसते, अनौपचारिक संदर्भ क्रमांकावाचून मात्र पान हलत नाही. मंत्रालयातल्या माणसाला योजनेचे काय झाले असे विचारले, तर तो सभागृहात काय झाले ते सांगत नाही. फाइल वित्तकडे आहे, असे सांगतो.

याचा सगळ्यात ठळक दाखला २०२० चा आहे. ६ मार्चला अर्थसंकल्प मांडला गेला, करोनाच्या सावटाखाली अधिवेशन १४ मार्चला आटोपते घेण्यात आले, मागण्या मंजूर झाल्या. ४ मे रोजी वित्त विभागाने एक शासन निर्णय काढला. वर्षाच्या योजनांसाठी तरतुदीच्या ३३ टक्केच निधी उपलब्ध होईल, असे त्यात सांगितले होते. खरेदी, नवी बांधकामे आणि नोकरभरती यांवरही निर्बंध आले. म्हणजे विधानसभेने ज्या योजनेला शंभर रुपये दिले होते तिच्या वाट्याला सध्यापुरते तेहतीस आले, आणि कोणत्या योजनेला यातून सूट द्यायची ते ठरवण्याची वाटही वित्त विभागाच्याच दारातून गेली. टाळेबंदीत महसूल आटला होता, दुसरा इलाज नव्हता, हे कोणीही कबूल करील. माझा मुद्दा इलाजाबद्दल नाही. सुमारे चार लाख कोटींच्या अर्थसंकल्पाची फेररचना एका विभागाच्या काही पानांच्या आदेशाने झाली आणि तिच्यावर सभागृहाचे मत घेण्याची कायद्याने गरजच नव्हती, हे लक्षात घ्यायला हवे. मागच्या महायुद्धानंतरचे सर्वांत मोठे संकट आले तेव्हा खर्चावरची खरी सत्ता कोणाची, याचे उत्तर त्या एका कागदाने दिले.

याला उत्तर असे दिले जाते की विनियोजन म्हणजे परवानगी, आज्ञा नव्हे. सभागृह खर्चाची कमाल मर्यादा घालून देते, तितका खर्च करायलाच हवा असे बंधन घालत नाही. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबर आहे आणि त्याला चांगले कारणही आहे. पाऊस पडला नाही, कर आला नाही, निविदा महाग आल्या, तर सरकारला हात आखडता घेता आला पाहिजे. पण परवानगी म्हणून दिलेली गोष्ट व्यवहारात वचन म्हणून विकली जाते, हे या उत्तरात सुटते. अर्थसंकल्पाच्या दिवशी आमदार मतदारसंघात फलक लावतात ते मंजूर तरतुदीचे. त्यातले किती प्रत्यक्षात सुटले याचा फलक कोणी लावत नाही. अमेरिकेत हाच वाद राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या काळात पेटला. काँग्रेसने मंजूर केलेला पैसा ते अडवून ठेवू लागले, आणि १९७४ मध्ये काँग्रेसने कायदा करून अध्यक्षाला मंजूर पैसा परस्पर अडवण्यापासून रोखले. रद्द करायचा असेल तर काँग्रेसकडे या, असा त्याचा गाभा. आपल्याकडे एवढा कडक कायदा नको, पण ठरावीक टक्क्यांपेक्षा मोठी कपात झाली तर पुढच्या अधिवेशनात तिचे विवरण सभागृहापुढे ठेवा, एवढे म्हणायला काय हरकत आहे, ते मला अजून कळलेले नाही.

वितरणाचा कागद किती बोलका असतो, हे मे २०२५ मध्ये दिसले. लाडक्या बहिणींच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१०.३० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५.७० कोटी महिला व बालविकास विभागाकडे वळते करणारे शासन निर्णय निघाले, आणि सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी उघड नाराजी व्यक्त केली. दलित-आदिवासींचा निधी पळवला म्हणून गदारोळ झाला. सरकारचे म्हणणे असे की योजनेच्या लाभार्थींत अनुसूचित जाती-जमातींच्या महिला आहेत, त्यांचा खर्च त्या घटकांखाली दाखवण्याचा नियम आहे, आणि तशी तरतूद मूळ अर्थसंकल्पातच होती, म्हणजे ही जमाखर्चाची पद्धत आहे. हे म्हणणे उडवून लावता येत नाही, कारण लेखाशीर्षांची मांडणी खरेच तशी केली जाते. परंतु ते खरे मानले तर दुसरी, जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे येते. मार्चमध्ये त्या तरतुदीसह मागणी सभागृहापुढे आली, आणि विधानसभेने ती मंजूर केली, तेव्हा यावर वाद झाल्याचे कोणाला आठवत नाही. वाद झाला तो दोन महिन्यांनी, पैसा हलला तेव्हा. अनुसूचित जातींच्या नावाने राखलेला पैसा सर्वसाधारण रोख अनुदानावर दाखवावा की वसतिगृहे आणि शिष्यवृत्तीवर, हा अगदी अर्थसंकल्पाच्या मांडवातलाच प्रश्न होता. तो तिथे विचारला गेला नाही, कारण लेखाशीर्षापर्यंत उतरून मागणी वाचायला ना कोणाला वेळ होता ना कोणाचे ते काम होते.

करांच्या बाजूला तर सभागृह आणखी दूर आहे. कायद्याच्या अधिकाराशिवाय कर नाही, असे २६५ वा अनुच्छेद सांगतो. कायदा सभागृह करते, पण दर बहुधा अधिसूचनेने ठरतो. १० मार्च २०२५ ला राज्याचा अर्थसंकल्प आला. १० जूनला, म्हणजे अधिवेशन सुरू व्हायला वीस दिवस बाकी असताना, मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचे उत्पादन शुल्क ठरावीक निर्मिती मूल्यापर्यंत तिपटीवरून साडेचारपट केले. त्यातून वर्षाला १४ हजार कोटी जादा मिळतील असा अंदाज सांगितला गेला. मार्चमध्ये सरकारने ४५,८९१ कोटींची महसुली तूट दाखवली होती, हा आकडा तिच्या तीस टक्क्यांच्या घरात जातो. अर्थसंकल्पातल्या एखाद्या शंभर कोटींच्या योजनेवर सभागृहात तासभर बोलले जाते, आणि १४ हजार कोटींची करवाढ बुधवारच्या वर्तमानपत्रात कळते. पेट्रोल-डिझेलवरच्या मूल्यवर्धित कराचेही असेच. जुलै २०२२ मध्ये सत्तांतर झाल्यावर पेट्रोल लिटरला पाच आणि डिझेल तीन रुपयांनी उतरले, तेही मंत्रिमंडळाच्या बैठकीतून.

वस्तू व सेवा कर हा राज्याच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा स्रोत. महाराष्ट्राच्या वस्तू व सेवा कर कायद्याच्या नवव्या कलमात विधिमंडळाने फक्त छत घातले आहे. राज्याचा कर २० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, आणि त्या आत परिषदेच्या शिफारशीवर सरकारने अधिसूचना काढावी. परिषद म्हणजे २७९-क अनुच्छेदाने निर्माण झालेली केंद्र आणि राज्यांची संस्था. तिच्यात केंद्राच्या मताला एकतृतीयांश वजन आहे, सर्व राज्यांना मिळून दोनतृतीयांश, आणि निर्णयाला तीनचतुर्थांश बहुमत लागते. हिशेब करून पाहिला तर केंद्र एकटे कोणताही निर्णय रोखू शकते. विधानसभा असलेली राज्ये आणि केंद्रशासित प्रदेश ३१ आहेत, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दोन टक्क्यांहून जरासे अधिक वजन येते. देशात सर्वांत जास्त कर गोळा करणाऱ्या महाराष्ट्राचे आणि गोव्याचे वजन तिथे तंतोतंत सारखे आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये परिषदेने १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे मोडीत काढले आणि २२ सप्टेंबरपासून बहुतेक वस्तू ५ आणि १८ टक्क्यांत आणल्या. ग्राहकाला ते बरेच वाटले. पण महाराष्ट्राच्या उत्पन्नावर त्याचा काय परिणाम होणार, यावर महाराष्ट्राच्या विधानसभेचे मत कोणी विचारले नाही, विचारायची सोयही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या मोहित मिनरल्स निकालात परिषदेच्या शिफारशी विधिमंडळांना बंधनकारक नाहीत असे म्हटले. हा निकाल आला तेव्हा राज्यांच्या अधिकाराचा विजय म्हणून त्याची वाहवा झाली. परंतु एखाद्या राज्याने वेगळा दर लावायचे ठरवले तर देशभरच्या एकाच जमा-वजावटीच्या साखळीतून ते तुटेल, म्हणून ज्याचा उपयोग करता येत नाही असा आणखी एक अधिकार विधिमंडळाच्या खात्यावर जमा झाला, इतकेच.

संसदेतही कराची कथा वेगळी नाही. वित्त विधेयक १ फेब्रुवारीला मांडले जाते आणि त्यावर दोन महिने चर्चा होते, अशी कल्पना असते. २४ मार्च २०२३ ला लोकसभेत ते ६४ सरकारी दुरुस्त्यांसह मंजूर झाले, तेही गदारोळात. त्यातल्या एका दुरुस्तीने रोखे म्युच्युअल फंडांवरची महागाई-समायोजनाची सवलत १ एप्रिलपासूनच्या गुंतवणुकीपुरती संपली. फेब्रुवारीच्या मूळ विधेयकात ती नव्हती. मुदत ठेवीऐवजी अशा फंडात पैसे ठेवणाऱ्या निवृत्त माणसाला याची बातमी मिळाली आणि नवा कर लागू झाला, यांत आठवडाभराचे अंतर होते.

या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळता येणार नाही. खर्चाचा आराखडा सरकारनेच करायला हवा, कारण जबाबदारी त्याची आहे. शंभर-दोनशे आमदारांनी मागण्यांत फेरफार सुरू केले तर प्रत्येक जण आपल्या गावचा रस्ता घालील आणि तूट वाढत जाईल. अमेरिकेत काँग्रेसकडे खर्चाचे खरे अधिकार आहेत, म्हणूनच तिथे २०१८-१९ च्या हिवाळ्यात सरकारचे काही विभाग ३५ दिवस बंद राहिले. ही भीती खोटी नाही. रक्कम वाढवण्याचा अधिकार आमदारांना द्यावा असे मीही म्हणणार नाही. पण छाननी आणि फेरफार यांत फरक आहे. केरळ विधानसभेत १९८० पासून विषय समित्या आहेत. अर्थसंकल्प मांडला की सभागृह काही दिवस थांबते, समित्या खात्याच्या सचिवांना बोलावून मागण्या वाचतात, आणि मग मतदान होते. संसदेत १९९३ पासून स्थायी समित्या हेच करतात, मात्र कपात सूचनेच्या स्वरूपाचे काही सुचवायचे नाही असा नियमच आहे, म्हणजे त्यांच्या अहवालाने कोणतेही सरकार पडत नाही. महाराष्ट्रात लोकलेखा समिती आणि अंदाज समिती आहेत. मागणी मताला येण्यापूर्वी ती समितीने वाचण्याची ही रीत मात्र इथे रुजलेली नाही. लोकलेखा समिती महालेखापरीक्षकांच्या अहवालावर बसते तेव्हा पैसा खर्च होऊन वर्षे लोटलेली असतात, आणि तो अहवाल अनेकदा अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी पटलावर येतो. मंजुरीपेक्षा जास्त झालेला खर्च नियमित करायलाही याच समितीतून जावे लागते, आणि त्यातली जुनी प्रकरणे वर्षानुवर्षे पडून राहतात.

पुरवणी मागण्या वाचण्याची एक साधी खूण महालेखापरीक्षकच दाखवून देतात. विनियोजन लेखे नावाच्या त्यांच्या पुस्तकात प्रत्येक मागणीसमोर मूळ तरतूद, पुरवणी आणि प्रत्यक्ष खर्च अशा तीन रकमा असतात. प्रत्यक्ष खर्च मूळ तरतुदीइतकाही झालेला नसेल, तर पुरवणी मागितली ती गरजेपोटी नव्हती, हे वेगळे सांगायला नको. अशा नोंदी दरवर्षी निघतात. काही विभागांत डिसेंबरमध्ये पुरवणी मंजूर होते आणि ३१ मार्चला तेवढीच रक्कम शिल्लक म्हणून परत जाते. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात ५७,५०९ कोटींच्या आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ७५,२८६ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. मिळून १ लाख ३२ हजार कोटींहून अधिक, ७ लाख २० कोटींच्या अर्थसंकल्पावर. त्यात अतिवृष्टीग्रस्तांना द्यायचे पैसेही होते आणि त्याला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. त्या दोन पुस्तिकांपैकी किती ओळी खरोखर लागल्या आणि किती परत गेल्या, हे विनियोजन लेख्यांच्या त्या तीन रकमांत उतरेल. तोवर पुढची पुरवणी पुस्तिका, नेहमीप्रमाणे अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी, सदस्यांच्या मेजावर ठेवलेली असेल.